नाकाबंदीला उभं राहण्याआधी

प्रति,
प्रशिक्षणार्थी पोलीस उपनिरीक्षक आणि त्यांचे प्रशिक्षक,
महाराष्ट्र पोलीस अकादमी, नाशिक

विषय : चेहरा, कपडे आणि वस्ती पाहून झडती घेण्याबद्दल

सप्रेम नमस्कार,

मी ३१ वर्षं महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं. माझा पोलीस खात्याशी संबंध पासपोर्टच्या पडताळणीपुरताच आला. तरीही हे पत्र लिहिते आहे, कारण थोड्याच दिवसांत तुम्ही एखाद्या ठाण्यात हजर व्हाल, रात्रीच्या नाकाबंदीला उभे राहाल आणि शंभरातून कुणाला बाजूला घ्यायचं हे तुमच्या बोटाच्या इशाऱ्यावर ठरेल. ते बोट कुणाकडे वळावं या प्रश्नाला एक उत्तर आकड्यांत आहे, आणि आकडे हा माझा विषय आहे.

माझा एक विद्यार्थी होता. पारधी समाजातला. जिल्ह्याच्या गावी खोली घेऊन बी.एस्सी. करत होता आणि सुट्टीला घरी जाताना शेवटची एसटी पकडायचा. स्टँडवर त्याला हटकायचे. "कुठला रे तू? जात कोणती?" मग पिशवी फरशीवर रिकामी. वह्या, डबा, कपडे. काही सापडायचं नाही, मग "चल, निघ." पहिल्या वर्षी तो रडकुंडीला यायचा. दुसऱ्या वर्षी त्याने एक छोटी वही केली. तारीख, वेळ, ठिकाण, काय विचारलं, काय सापडलं. पदवी हातात पडेपर्यंत तिच्यात १४ नोंदी झाल्या होत्या आणि शेवटच्या रकान्यात १४ वेळा "काही नाही" लिहिलेलं होतं. ती वही त्याने मला दाखवली आणि विचारलं, "मॅडम, यांच्याकडे अशी वही असते का?"

बहुतेक नसते, असं त्याला सांगावं लागलं. झडतीत काही सापडलं तर पंचनामा होतो, गुन्हा दाखल होतो, कागद तयार होतो. काही नाही सापडलं तर ती झडती झालीच नव्हती, असं धरून सगळे पुढे जातात. माझ्या मते अडचणीचं मूळ इथे आहे. कुठलीही पद्धत चालते की नाही हे तपासायला यश किती आणि प्रयत्न किती, दोन्ही आकडे लागतात. आपल्याकडे फक्त वरचा आकडा लिहिला जातो. खालचा नसेल तर भागाकार होत नाही.

जिथे दोन्ही आकडे लिहिले गेले तिथे काय दिसलं, ते आता सांगते. माझ्या माहितीतलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याचं आहे.

१९९० च्या दशकात अमेरिकी विमानतळांवर परदेशातून येणाऱ्या प्रवाशांपैकी काहींना अमली पदार्थांसाठी बाजूला घेत. आधी कपड्यांवरून हात फिरवून झडती, मग कपडे उतरवून, मग क्ष-किरण, आणि शेवटी तासन्‌तास नजरेखाली ठेवून शौचाची वाट पाहणं. १९९७ आणि १९९८ या दोन आर्थिक वर्षांत मिळून सुमारे १४ कोटी प्रवासी आले आणि त्यांतल्या एक लाखाहून थोड्या अधिक लोकांची अशी झडती झाली. कुणाला निवडायचं यासाठी अधिकाऱ्यांकडे संशयाच्या खुणांची ४३ कलमी यादी होती. एवढ्या लांब यादीतलं काही ना काही कुणालाही लागू पडतं. त्याच काळात अमली पदार्थविरोधी अधिकारी न्यायालयांत ज्या खुणा सांगत त्या एका न्यायाधीशाने ओळीने मांडून दाखवल्या होत्या. विमानातून पहिला उतरला म्हणून संशय, शेवटी उतरला म्हणून संशय, मधोमध उतरला म्हणूनही संशय. सगळेच संशयित ठरत असतील तर निवड यादी करत नाही, डोळे करतात. आणि डोळ्यांना रंग आधी दिसतो.

काळ्या स्त्रियांनी तक्रारी केल्या, खटले भरले. मग अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने नोंदी तपासल्या आणि २००० साली अहवाल दिला. वरवरच्या झडतीनंतर क्ष-किरणासाठी पाठवल्या जाण्याची शक्यता गोऱ्या अमेरिकी नागरिक स्त्रियांपेक्षा काळ्या अमेरिकी नागरिक स्त्रियांच्या बाबतीत नऊपट होती. पण क्ष-किरणात माल सापडण्याचं प्रमाण काळ्या स्त्रियांमध्ये गोऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होतं. म्हणजे संशय नऊपट आणि सापडणं अर्ध्याहून कमी. सर्व प्रवाशांचे १९९८ चे आकडेही त्याच दिशेचे होते. झडती झालेल्या गोऱ्यांपैकी ६.७ टक्क्यांकडे काही सापडलं, काळ्यांपैकी ६.३ टक्क्यांकडे आणि लॅटिनो वंशाच्या लोकांपैकी अवघ्या २.८ टक्क्यांकडे. ज्यांच्याकडे सगळ्यांत कमी सापडत होतं त्यांनाही भरपूर अडवलं जात होतं, आणि त्या वेळात दुसरा कुणीतरी माल घेऊन दारातून निघून जात होता.

पुढे जे झालं ते माझ्या दृष्टीने अधिक मोलाचं आहे. खात्याचे तेव्हाचे आयुक्त रेमंड केली यांनी ती ४३ खुणांची यादी काढून टाकली आणि जागी सहा निकष आणले. प्रवाशाच्या वागण्यात ठोस काय दिसलं, कपड्यांखाली काही फुगवटा आहे का, कुत्र्याने इशारा दिला का, पक्की खबर आहे का, कागदपत्रांत आणि बोलण्यात विसंगती आहे का, अशा स्वरूपाचे. शिवाय झडतीआधी वरिष्ठाची परवानगी घ्यायची, म्हणजे कारण दुसऱ्या माणसाला तोंडाने सांगायचं. १९९८ च्या तुलनेत २००० पर्यंत झडत्या जवळपास तीन चतुर्थांशांनी कमी झाल्या. सापडण्याचं प्रमाण मात्र पाच टक्क्यांच्या आतून तेरा टक्क्यांच्या वर गेलं. हिशेब करून पाहा. आधी १०० झडत्यांत पाचांच्या आत सापडत होते, तर नंतर २५ झडत्यांत साधारण तीन. अडवलेल्या निरपराध माणसांची संख्या ९५ वरून २२ वर आली. कर्मचारी तेच, विमानतळ तेच. एवढंच बदललं की "हा मला तसला वाटला" हे कारण चालेनासं झालं.

इथे तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, आणि म्हणणं रास्त आहे, की काही वस्त्यांत गुन्हे खरंच जास्त होतात, मग तिथल्या माणसाकडे जास्त पाहिलं तर चूक काय? समजा तसं आहे. मी कल्पनेतलं एक गाव घेते, आकडे माझ्या मनाचे आहेत. गावात एक वस्ती आहे ५,००० माणसांची आणि बाकी गाव १ लाखाचं. वस्तीत दर २०० माणसांमागे एकाकडे चोरीचा माल आहे, उरलेल्या गावात दर ४०० मागे एकाकडे. म्हणजे वस्तीतलं प्रमाण बाहेरच्या दुप्पट, तुमच्या बाजूने भरपूर झुकतं माप. वस्तीत अशी माणसं २५ झाली आणि बाहेर २५०. तुम्ही वस्तीतल्या प्रत्येक माणसाची झडती घेतली, एकालाही सोडलं नाही, तरी ४,९७५ निरपराध लोकांच्या पिशव्या उपसाल आणि गावातले २५० जण तसेच राहतील. दहातले नऊ चोर तुम्ही ज्या बाजूला पाठ केली त्या बाजूला आहेत.

आता याच गावाची वर्षअखेरची आकडेवारी पाहू. पोलिसांनी वस्तीत २,००० झडत्या घेतल्या आणि बाहेर २००. वस्तीत १० जण सापडतील, बाहेर फार तर एखादा. वर्षअखेरीच्या तक्त्यात लिहिलं जाईल की पकडलेल्या ११ पैकी १० त्या वस्तीचे. पुढच्या वर्षी नवा उपनिरीक्षक तो तक्ता वाचेल आणि मनात म्हणेल, लोक म्हणतात ते खरंच आहे की. मग तो वस्तीत ३,००० झडत्या घेईल. यात कुणी खोटं बोललेलं नाही, कुणाच्या मनात आकस असलाच पाहिजे असंही नाही. जिथे शोधलं तिथे सापडलं, आणि जिथे सापडलं तिथे पुन्हा शोधलं, एवढ्यावर तक्ता दरवर्षी स्वतःलाच खरं ठरवत जातो. दुप्पट प्रमाण दहापट दिसू लागतं.

आपल्या देशात या तक्त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याचा विस्तार होत गेला. पारधी, कैकाडी, भामटा अशा कितीतरी जमातींतली माणसं जन्मानेच नोंदवहीत गेली. ठाण्यावर हजेरी, गावाबाहेर जायला परवाना, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणून त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. पण नोंदवही गेली तरी तिने शिकवलेली नजर गेली नाही. माझ्या विद्यार्थ्याला स्टँडवर जात विचारणारा हवालदार १९५२ नंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेला होता. हे त्याला कुठल्या वर्गात शिकवलं नसणार. सोबतच्या जुन्या माणसांकडून ते आपोआप आलं असणार, आणि तुमच्याकडेही तसंच येईल. म्हणून पत्र तुम्ही नाशिकला असतानाच लिहिते आहे.

"पण आम्हाला अनुभवाने कळतं," हे वाक्यही तुम्ही लवकरच ऐकाल. अनुभवाला मी कमी लेखत नाही. डॉक्टरचा अनुभव वाढतो, कारण निदान चुकलं तर रोगी परत येतो. झडती चुकली तर कुणी परत येत नाही. ज्याला उगाच अडवलं तो मान खाली घालून निघून जातो आणि ज्याला सोडलं तो माल घेऊन पसार होतो. दोन्ही चुका तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीत. वीस वर्षांत पोहोचतात ती फक्त यशं, आणि ती चांगली लक्षात राहतात. अशा अनुभवाने आत्मविश्वास वाढतो, अचूकपणा वाढतोच असं नाही.

चेहऱ्यावरची भीती, नजर चुकवणं, घाम या गोष्टींचंही असंच आहे. अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेने प्रवाशांचे हावभाव वाचणारे खास अधिकारी नेमले आणि २००७ पासून त्यावर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च केले. वर उल्लेखलेल्या लेखापरीक्षण संस्थेने २०१३ साली उपलब्ध संशोधन तपासून सांगितलं की हावभावांवरून लबाडी ओळखण्याची माणसाची क्षमता नाणं उडवून अंदाज बांधण्याइतकीच किंवा त्याहून किंचित बरी आहे. यात नवल नाही. ज्याला चौदा वेळा अडवलं गेलं आहे तो पंधराव्या वेळी पोलीस दिसताच घाबरणारच. आणि माल वाहणारा सराईत माणूस सवयीने शांत असतो.

तुमच्या कामाला सगळ्यांत जवळचं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. तिथे रस्त्यावर थांबवून चाचपणी करण्याचा मोठा कार्यक्रम चालला, आणि त्या काळात पोलीस आयुक्त होते तेच रेमंड केली, ज्यांनी सीमाशुल्क खात्यात उलट दिशेची सुधारणा केली होती. हे मला आजही उलगडत नाही. प्रत्येक वेळी एक छापील फॉर्म भरायचा असे, म्हणून आकडे आहेत. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात ४४ लाख वेळा लोकांना थांबवलं गेलं. त्यांत ८३ टक्के काळे किंवा लॅटिनो होते. शंभरातल्या ८८ वेळा पुढे काहीच कारवाई झाली नाही. ज्यांच्या कपड्यांवरून हात फिरवला त्यांच्यापैकी शस्त्र सापडलं ते दीड टक्क्यांकडे. थांबवलेल्या काळ्यांपैकी एक टक्क्याकडे शस्त्र होतं, गोऱ्यांपैकी १.४ टक्क्यांकडे. २०१३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत ज्या रीतीने चालली होती ती घटनाबाह्य ठरवली. थांबवणं बंद केलं तर शहरात रक्ताचे पाट वाहतील असं तेव्हा सांगितलं जात होतं. २०११ मध्ये ६ लाख ८५ हजारांहून अधिक वेळा लोकांना थांबवलं होतं आणि शहरात ५१५ खून झाले होते. २०१७ मध्ये थांबवणं १२ हजारांच्या आत आलं आणि खून २९२ झाले. थांबवणं कमी केल्यामुळे खून घटले असा दावा मी करणार नाही, तो या आकड्यांतून निघत नाही. वाढतील हे भाकीत मात्र खोटं ठरलं.

संख्याशास्त्राची शिक्षिका म्हणून एक मर्यादा सांगणं मला भाग आहे, नाहीतर तुमच्यातला एखादा हुशार अधिकारी मला तिथेच पकडेल. दोन गटांतलं सापडण्याचं सरासरी प्रमाण सारखं आलं म्हणजे भेदभाव नव्हता असं होत नाही, आणि वेगळं आलं म्हणजे होताच असंही लगेच म्हणता येत नाही. समजा एका गटातल्या काहींच्या कमरेला पिस्तूल उघड दिसत होतं. ती सोपी प्रकरणं सरासरी वर नेतात. त्यांच्याआड त्याच गटातल्या कितीतरी लोकांना निव्वळ संशयावरून अडवलेलं लपून जातं. म्हणून झडतीचं कारण नोंदवलेलं असलं पाहिजे, तेही झडती घेण्याआधी. मग एकाच कारणासाठी अडवलेल्या दोन गटांची तुलना करता येते. कारण मागाहून लिहिलं तर जे सापडलं त्याला शोभेल असं कारण लिहिलं जातं, हा माणसाचा स्वभाव आहे. कायद्याला हे ठाऊक आहे. अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ४२ इमारतीत किंवा वाहनात शिरून झडती घेण्याआधी मिळालेली खबर लिहून काढायला सांगतं, ते उगाच नाही.

आणि चेहरा बदलता येतो. हे आपल्या राज्याच्या पोलिसांना जेवढं माहीत आहे तेवढं क्वचितच कुणाला असेल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर टिपलेलं कसाबचं छायाचित्र तुम्ही पाहिलं आहे. त्याच्या मनगटावर लाल धागा आहे. त्या दहा जणांकडे हिंदू नावांची महाविद्यालयीन ओळखपत्रं होती. ज्याने हा कट आखला त्याला ठाऊक होतं की आपल्याकडे नाव आणि मनगट पाहतात, म्हणून त्याने नाव आणि मनगटच सजवून पाठवलं. चेहऱ्यावर आधारलेली प्रत्येक तपासणी अशी समोरच्याला आपण कुठे पाहणार नाही ते आधीच कळवते. तस्कर तर हे रोज करतो. त्याला आपला माणूस कसा दिसावा हे निवडण्याची मोकळीक आहे.

त्याच रात्रीत योग्य पद्धत कशी दिसते तेही आहे. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत ते किनाऱ्याला लागले तेव्हा तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकलं होतं. कोळ्यांच्या नजरेत भरलं ते त्यांचं करणं. अंधारात रबरी होडीतून आलेली, पाठीवर जड पिशव्या असलेली अनोळखी मुलं. होड्या आणि वेळ हे कोळ्यांचं रोजचं आहे, त्यातलं काय नेहमीचं नाही हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. आणि पुढे गिरगाव चौपाटीवर जे झालं ते तुमच्या अकादमीत नक्की शिकवलं जात असेल. कामा रुग्णालयाजवळ गोळीबार झाला, पोलिसांची गाडी पळवली गेली, त्या गाडीत जखमी होऊन पडलेले अरुण जाधव बिनतारी यंत्रावरून नियंत्रण कक्षाला कळवू शकले, आणि हल्लेखोर ती गाडी सोडून एका स्कोडा गाडीतून निघाल्याचा संदेश शहरभर गेला. डी. बी. मार्ग ठाण्याच्या माणसांनी चौपाटीवर नाकाबंदी लावली. ते एका ठरावीक गाडीची वाट पाहत होते. गाडी आली, अडथळ्याच्या अलीकडे थांबली, वळायला गेली, दुभाजकाला धडकली. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत हाती लागला.

ती नाकाबंदी मला पुन्हा पुन्हा आठवते. कारण आधी होतं, नेमकं होतं, माणसाच्या जातीधर्माशी त्याचा संबंध नव्हता, आणि गाडी संशयास्पद वागली तेव्हा सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिली. त्या रात्री तिथे चेहरे पाहून गाड्या सोडल्या असत्या तर मनगटाला लाल धागा बांधलेला मुलगा कदाचित पुढे गेला असता.

साक्षीदाराने वर्णन दिलं आणि त्या वर्णनाचा माणूस तुम्ही शोधलात तर त्याला मी चेहऱ्यावरून झडती म्हणत नाही. "निळा शर्ट, डाव्या भुवईवर व्रण, दहा मिनिटांपूर्वी स्टेशनकडे गेला" ही माहिती आहे. "पारध्यासारखा दिसतो", "दाढी आहे", "ईशान्येकडचा वाटतो", "मळक्या कपड्यांत रात्रीचा फिरतोय" ही माहिती नाही. पहिल्याने एक माणूस शोधला जातो, दुसऱ्याने एक समाज.

आणि तो समाज गप्प होतो. गुन्ह्यांची उकल बहुतेक वेळा कुणीतरी काहीतरी सांगितल्याने होते. माझ्या त्या विद्यार्थ्याला एकदा स्टँडमागे दोघांना मोटारसायकलचं कुलूप तोडताना पाहायला मिळालं. तो ठाण्यात गेला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, मी गेलो असतो तर आधी माझीच पिशवी रिकामी केली असती." ती मोटारसायकल कुणाची होती मला माहीत नाही. त्या माणसाची गाडी मिळाली नसेल तर त्याला कारण आधीच्या चौदा झडत्याही आहेत.

माझी मागणी छोटी आहे. खास माहिती नसताना सर्वसाधारण नाकाबंदी लावायची असेल तर ड्यूटी सुरू होण्याआधी एक आकडा ठरवा आणि तेवढ्यावं प्रत्येक वाहन थांबवा. आज सातवं, उद्या अकरावं. आकडा रोज बदला म्हणजे बाहेर कुणाला अंदाज येणार नाही. त्यात आमदाराची गाडी आली तर ती थांबवा आणि हातगाडी आली तर तीही. असं केल्याने आणखी एक गोष्ट हाती लागते. सहज निवडलेल्या वाहनांत किती सापडतं हा तुमचा पाया ठरतो, आणि "मला संशय आला" म्हणून थांबवलेल्यांत त्याहून जास्त सापडतं का हे ताडून पाहता येतं. नाही सापडलं, तर तो संशय नाण्याइतकाच शहाणा होता. आकड्याबाहेर कुणाला थांबवायचं असेल तर कारण आधी लिहा, एका ओळीत, आणि ते सोबतच्या माणसाला वाचून दाखवा. वाचताना लाज वाटली तर थांबवू नका.

वहीत पाच रकाने पुरतात. वेळ, ठिकाण, थांबवण्याचं कारण, झडती घेतली का, काय सापडलं. शेवटच्या रकान्यात "काही नाही" लिहायला कुणालाही कमीपणा वाटू नये याची काळजी वरिष्ठांनी घ्यायची. हा माझ्या यादीतला सगळ्यात अवघड भाग आहे, कारण आज कारवाईच्या आकड्यांवर पाठ थोपटली जाते आणि रिकाम्या हाताची नोंद कुणालाच नको असते.

प्रशिक्षणार्थींच्या एका तुकडीने प्रात्यक्षिक म्हणून, एखाद्या ठाण्याच्या मदतीने, चार आठवडे ही वही भरावी अशी अकादमीच्या प्रशिक्षकांना माझी विनंती आहे. नावं नकोत, गाडीचे क्रमांकही नकोत. आकडे मांडून, सरासऱ्या काढून, त्यातल्या मर्यादांसकट ते मी तुमच्या वर्गात येऊन समजावून सांगेन, मानधन नको. तो विद्यार्थीही यायला तयार आहे. आता तो एका शाळेत गणित शिकवतो. त्याची १४ नोंदींची वही अजून त्याच्याकडे आहे, आणि ती तुमच्या वहीच्या शेजारी ठेवायला तो देईल असं म्हणाला आहे.

आपली,
संख्याशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका